चंद्र उगवायच्या आत

माझ्या धाकट्या भावाला, बेल्मीरोला, मरण्याआधी एकदा संत यागोची वाट बघायची होती. आकाशगंगेला पोर्तुगालच्या आमच्या आलेन्तेजू भागात हेच नाव आहे. लहानपणी ऑगस्टात मळणीच्या दिवसांत आम्ही खळ्यावरच झोपायचो. तेव्हा ती डोक्यावर पसरलेली असे, सांडलेल्या पिठासारखी. पुढे तो लिस्बनला गेला. तिथल्या दिव्यांत ती त्याला कधी दिसली नाही.

मार्चमध्ये त्याच्या मुलीचा, नोएमियाचा, फोन आला. "आत्या, ईस्टरला बाबांना घेऊन येतेय. मंगळवारी कामावर परत."

तारे बघायला येणाऱ्यांना मी खोल्या देते. नवख्यांना आधी हेच सांगते, की सुट्टी बघू नका, अमावास्या बघा.

"अगं वेडे, ईस्टर म्हणजे पुनवेनंतरचा रविवार. दरवर्षी चांदणं असतंच. त्यात एप्रिलमध्ये ती वाट पहाटेशिवाय वर येत नाही. मेच्या अमावास्येला आण, मध्यरात्रीच उगवेल."

"डॉक्टर मेचं नावच काढत नाहीत, आत्या."

ती ईस्टरलाच त्याला घेऊन आली. त्या वर्षी पुनव शनिवारची होती. शनिवारी आणि रविवारी अंगण दुधासारखं उजळलं होतं. बेल्मीरो खिडकीतून बघून म्हणाला, "ताई, या चंद्राला गोळी घाल." मग खोकत राहिला. पहाटे तो उठूच शकत नव्हता.

चंद्र रोज तासभर उशिरा येतो. म्हणून सोमवारी काळोख पडल्यावर थोडा वेळ मिळणार होता. आम्ही दोघींनी त्याला खुर्चीसकट अंगणात नेलं. मी घरातले दिवे विझवले. डोक्यावर सिंह रास होती, स्वाती तांबूस दिसत होती. वाट नव्हती. ती असणारच नव्हती, हे त्याला आणि मला ठाऊक होतं; नोएमिया माझं फोनवरचं बोलणं विसरली असावी.

"दिसली का, बाबा?" नोएमियाने विचारलं. रजेसाठी ती साहेबांशी भांडून आली होती.

तेवढ्यात आग्नेयेला, टेकडीमागे, फिकट पांढुरका उजेड पसरू लागला.

"ती? बाबा, तीच ना?"

बेल्मीरोने तिचा हात धरला. "तीच. खळ्यावर होती तश्शी."

ती रडायला लागली. माझ्याकडे वळून तो घाईने म्हणाला, "ताई, थंडी वाजतेय. आत ने मला. लवकर."

आम्ही खुर्ची उचलली. चंद्राची कड टेकडीवर यायच्या आत मी दार लावलं, खिडकीची झडपंही ओढून घेतली. नोएमिया नाक पुसत म्हणाली, "आत्या, उघडी राहू दे ना थोडी."

"वारा आहे," मी म्हटलं.

मेच्या अमावास्येआधीच आम्ही त्याला पुरलं.