चरबी बावीस टक्के

वजनकाटा कधी खोटं बोलत नाही, खोटं माणूस बोलतो. वजनमापे खात्याच्या निरीक्षकांनी हे वाक्य चौतीस वर्षं दुकानदारांना ऐकवलं. दुकानदारांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

निवृत्तीनंतर मूत्रपिंडं निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं. जावयाने चरबी, पाणी, स्नायू सगळं सांगणारा काटा आणून दिला. निरीक्षकांनी आधी त्याच्यावर वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवलं. काट्याने बरोब्बर वीस दाखवले. मग तो बाकीचं जे सांगेल ते सगळं खरं, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी ते काट्यावरून ओरडले, "अगं ए! चरबी सत्तावीसवरून चोवीस! स्नायू वाढलेत!"

"वजनही अडीच किलोंनी वाढलंय," बायको म्हणाली.

"स्नायूंना वजन असतं."

तिने त्यांच्या पोटरीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"अहो, ही सूज आहे."

"तुझा अंगठा खात्याने तपासलाय का?" निरीक्षक म्हणाले. "आज जाणार नाही. सुधारणा होतेय, उगाच सुया कशाला?"

शनिवारी चरबी बावीस झाली. त्यांना आडवं होता येईना, बसूनच धापा टाकत होते. बायकोने रिक्षा बोलावली.

डायलिसिसच्या तंत्रज्ञाने त्यांना खुर्चीवजा काट्यावर बसवलं. साडेसहासष्ट. पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन बासष्ट. मशीन लावता लावता त्याने बायकोला विचारलं, "काकू, गुरुवारी का नाही आलात?"

तिने चरबीचं सांगितलं.

"तो काटा वजन तेवढं मोजतो. चरबी मोजत नाही, अंदाज करतो. एका पायातून बारीकशी वीज वर सोडतो, दुसऱ्यातून उतरवतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीत अडते. किती अडली त्यावरून, वय-उंची धरून, तो हिशेब मांडतो. पाणी जास्त म्हणजे मांस जास्त, उरली ती चरबी. साहेबांच्या पायांत पाणी तुंबलंय. वीज सरसर गेली, काट्याला वाटलं पैलवान उभा आहे."

"मंगळवारी इथून घरी गेल्यावर चरबी वाढलेली दिसली होती," ती म्हणाली. "जेवले नाहीत त्या दिवशी."

"पाणी काढलं की तसंच दिसणार."

निरीक्षकांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "पण वीस किलो... बरोब्बर..."

"वीस किलोचं लोखंड सुजत नाही, साहेब. मास्क लावा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मास्क नीट बसवला. बोलायचं ते गुरुवारी बोलून झालं होतं.

दुसऱ्या तासात हृदय थांबलं. डॉक्टर पळत आले, अर्धा तास छाती दाबत राहिले, मग घड्याळाकडे पाहिलं.

साडेचार लिटर पाणी काढायचं होतं. एक लिटर आठशे निघालं.