शहाऐंशी साली वारलेली मुलगी

माझ्या आईच्या मृत्यूच्या दोन तारखा आहेत. एक तेवीस नोव्हेंबर दोन हजार अठरा. ती हुबळीच्या दवाखान्याने दिली, आणि तिच्याबद्दल मला शंका नाही, कारण तेव्हा आईचा हात माझ्या हातात होता. दुसरी नऊ मे एकोणीसशे शहाऐंशी. ती तिच्या सख्ख्या भावांनी तलाठ्यासमोर लिहून दिली.

ही दुसरी तारीख मला वैदेहीमावशीमुळे कळली. वैदेही भट आईची शाळेतली मैत्रीण, आता तालुक्याला वकिली करते. जानेवारीत तिचा फोन आला.

"करुणा, होन्नेकेरीच्या चावडीवर नोटीस लागलीय. परमेश्वर हेगडे वारले. सुपारीच्या बागेला मुलांची नावं लावायची म्हणून अर्ज आहे. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत."

"आजोबा गेले? कधी?"

"चौदा नोव्हेंबरला. तुला कुणी कळवलं नाही?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अजून नोव्हेंबरचंच पान होतं. सोळा तारखेला मी मोठ्या मामांना, गजाननमामांना, फोन केला होता. आईला बोलणं जड जात होतं, तरी ती दर तासाला विचारायची, अण्णांना कळवलं का. मी मामांना म्हटलं, तिला एकदा वडिलांचा आवाज ऐकवा, एवढंच मागते. मामा म्हणाले, "अण्णा झोपलेत. उठले की सांगतो." तेव्हा आजोबांना दहन करून दोन दिवस झाले होते.

मामांना या खोटेपणातून काही मिळवायचं होतं असं मला वाटत नाही. आईला या घरात काही हक्क उरलेलाच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. तिने येऊन दारात रडू नये, एवढंच त्यांना हवं असावं.

माझी आई भागीरथी परमेश्वर हेगडे. नर्सचं शिक्षण घ्यायला धारवाडला गेली, तिथे एडविन सालिन्स या शाळामास्तराशी लग्न ठरवलं, आणि लग्नाआधी, शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये, बाप्तिस्मा घेतला. मी तीन वर्षांनी झाले. बाप्तिस्म्याची बातमी गावी पोचल्यावर आजोबांनी भटजी बोलावले, तिच्या नावाने घट फोडला, तेराव्याचं जेवण घातलं. गावजेवण झालं. त्यानंतर ते बत्तीस वर्षं जगले आणि मृत्युपत्र केलं नाही. त्यांनी ते का केलं नाही, हे वैदेहीमावशीने मला पहिल्याच दिवशी समजावलं.

"बाग त्यांनी हेडमास्तरकीच्या पगारातून घेतलेली. स्वतःची मिळकत. एक कागद लिहिला असता, 'मुलीला काही देऊ नये', तर आपल्याला तोंड उघडायला जागा नव्हती. पण मेलेल्या मुलीला वगळायला कोण कागद करतं? घट फोडून काम झालं, असं समजले बिचारे."

"बिचारे?"

"बरं, नुसतं समजले." तिने चहाचा पेला माझ्याकडे सरकवला. "आता मामांनी काय लिहून दिलंय बघ."

तलाठ्याने केलेल्या वंशावळीची नक्कल होती. पत्नी मयत. मुलगा गजानन. मुलगा श्रीपाद. मुलगी भागीरथी, मयत, नऊ मे शहाऐंशी, अविवाहित, निपुत्रिक. खाली दोन पंचांच्या सह्या.

मी 'निपुत्रिक' हा शब्द पुष्कळ वेळ पाहत राहिले. मी कॉलेजात वीस वर्षांच्या मुलांना भाषा शिकवते. शब्द एवढा शांतपणे खोटं बोलू शकतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आम्ही हरकत घेतली. प्रकरण तहसीलदारांपुढे गेलं. तीन तारखा पडल्या. दोन्ही मामा प्रत्येक वेळी एकाच बाकावर बसत आणि माझ्याकडे न बघता मला जागा करून देत.

पहिल्या तारखेला त्यांचे वकील म्हणाले, "साहेब, मुलीने धर्म सोडला. धर्म सोडला तिथे वारसा सुटला."

तहसीलदार कागदांतून मान वर न करता म्हणाले, "असं कोणत्या कलमात आहे?"

"परंपरा आहे साहेब."

"परंपरा अठराशे पन्नासलाच रद्द झाली. इंग्रजांच्या काळात. धर्म बदलणाऱ्याचा हक्क जात नाही. पुढे बोला."

दुसऱ्या तारखेला वकील तयारी करून आले. या खेपेला ते वारसा कायद्याचं सव्विसावं कलम घेऊन आले होते, आणि ते बरोबर होतं. धर्म बदलणाऱ्याचा हक्क जात नाही. पण बदलल्यानंतर जन्मलेली मुलं, हिंदू नातेवाईक मरतो त्या क्षणी हिंदू नसतील, तर त्या नातेवाईकाची वारस होत नाहीत.

"ही समोर बसलेली बाई एकोणनव्वदची. जन्माने ख्रिस्ती, आजही ख्रिस्ती. हिला आजोबांचं काही मिळत नाही."

धाकटे श्रीपादमामा पुटपुटले, "आता शुद्धी करून घेतली तरी उपयोग नाही. आम्ही विचारून घेतलंय."

"माझ्या मनातही नव्हतं, मामा," मी म्हटलं.

वैदेहीमावशी उठली. "वकीलसाहेबांनी कलम वाचलं याचा आनंद आहे. पण माझी अशील आजोबांकडून काही मागतच नाही. आजोबा चौदा नोव्हेंबरला गेले. त्या क्षणी त्यांची मुलगी जिवंत होती. तिसरा हिस्सा त्या क्षणी तिचा झाला. नऊ दिवसांनी ती गेली, तेव्हा तो तिच्या मुलीकडे आला. ख्रिस्ती आईचा ख्रिस्ती मुलीकडे. भागीरथीचे यजमान आधीच गेलेले, दुसरं मूल नाही. यात सव्विसावं कलम येतं कुठे?"

मला हे सगळं घरी वाचून माहीत होतं. तरी तिथे ऐकताना मी पुन्हा दिवस मोजले. आई दहा दिवस आधी गेली असती, तर मामांचं म्हणणं खरं ठरलं असतं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर म्हणत होते, या कशाच्या जोरावर टिकून आहेत कळत नाही. मला कळत होतं. ती फोनची वाट बघत होती.

म्हणून तिसऱ्या तारखेला सगळं एका प्रश्नावर आलं: भागीरथी कधी मेली. आम्ही दवाखान्याचा आणि नगरपालिकेचा दाखला दिला. मामांनी भटजी आणले. नव्वदीला टेकलेले, अंगावर उपरणं, दोघांनी धरून आणलेले.

"तुम्ही भागीरथीचे अंत्यविधी केले?" तहसीलदारांनी विचारलं.

"केले. शहाऐंशीला, वैशाखात. यथाविधी."

"प्रेत पाहिलं?"

"प्रेत कसं असेल? दर्भाचं केलं होतं."

"म्हणजे बाई मेलेली नव्हती."

भटजींना प्रश्नच विचित्र वाटला. "त्या घराला मेली होती. दुसरीकडे कुठे असेल, त्याची चौकशी आम्ही कशाला करू?"

मागे कुणीतरी हसलं. गजाननमामा ताडकन उठले. "हसायचं काही नाही यात! माझ्या आईने त्या दिवशी जेवण वाढलं, हुंदका गिळून वाढलं! आम्ही तिला पोचवलंय साहेब. तुमच्या दाखल्याने ती परत येणार आहे का?"

"हेगडे, बसा," तहसीलदार म्हणाले. आवाज कडक नव्हता. "मला फक्त श्वास कधी थांबला तेवढं लिहायचंय."

निकाल डिसेंबरात आला. वंशावळ चुकीची ठरली. बागेला तीन नावं लागायची: गजानन, श्रीपाद, आणि भागीरथीची वारस म्हणून करुणा सालिन्स. आई जाऊन वर्ष उलटलं होतं.

त्या दिवशी कचेरीबाहेरच्या खानावळीत दोन्ही मामा माझ्या टेबलावर येऊन बसले. माझ्या तीस वर्षांत पहिल्यांदा या घरातली माणसं माझ्यासोबत एका टेबलावर होती. श्रीपादमामांनी माझ्यासाठीही नीर दोसा सांगितला. गजाननमामांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. हक्कसोडपत्र होतं.

"हे बघ करुणा. आमच्यात बहिणी बागेत वाटा घेत नाहीत. माझ्या दोन्ही आत्यांनी सही केली. श्रीपादच्या मुली करणार. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. तूही कर. भागीरथीची मुलगी म्हणून कर."

"भागीरथीची मुलगी," मी म्हटलं. "म्हणजे ती होती."

"आता शब्दांत नको पकडू. शिकलेली आहेस."

"पकडत नाही. मला बाग नकोच आहे, मामा. तिथल्या विहिरीवर तुम्ही मला पाणी ओढू देणार नाही, मी सुपारी कधी सोलली नाही. पण विचारते. लग्न झालेली बहीण गेली तर तुमच्याकडे सुतक किती दिवस?"

"तीन."

"आणि उशिरा कळलं तर? वर्ष उलटल्यावर?"

"मग नुसती आंघोळ. डोक्यावरून." ते सवयीने बोलून गेले.

"तेवढी करा. दोघांनीही. नदीवर नको, घरीच करा. तिचं नाव घ्या, आज आमची बहीण गेल्याचं कळलं म्हणा. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी निबंधक कचेरीत येऊन सही करते. तिसरा हिस्सा, एका तांब्याला."

श्रीपादमामांनी मोठ्या भावाकडे पाहिलं. ते करतील असं मला वाटलं. त्यांचे डोळे भरले होते. लहानपणी आई त्यांना कडेवर घेऊन फिरायची, असं ती सांगायची. "दादा," ते म्हणाले, "कोण बघतंय? न्हाणीघरात..."

"तू गप्प बस." गजाननमामांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं ते चिडतील. पण ते अगदी हळू बोलले, एखाद्या मंद मुलाला समजावावं तसं.

"करुणा, तिच्या नावाची आंघोळ आम्ही शहाऐंशीला केलीय. आईने केली, अण्णांनी केली, मी केली. मी आता पुन्हा केली, तर त्यांची ती खोटी ठरते. एका माणसासाठी दोनदा करता येत नाही."

"आणि बाग?"

"बाग जाईल तर जाईल."

त्यांनी पैसे दिले, माझ्या दोशाचेसुद्धा. श्रीपादमामा दारात क्षणभर रेंगाळले आणि मग भावामागून बसस्टँडकडे गेले.

मी वैदेहीमावशीच्या ऑफिसात जाऊन वाटपाच्या दाव्यावर सही केली.