साडेचोवीस

भोरजाईच्या रोपवेचं ऑफिस डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि तिथला चहा पाण्यासारखा पातळ. मी चहा बाजूला सारला आणि परचुरे मॅनेजरला म्हणाले, "मूळ फ्रेंच कागद द्या, आणि यंत्राच्या खोलीत भिंतीवर जो मराठी तक्ता लावला होता, तोही द्या."

"तक्त्याचं काय काम, मॅडम? कोर्टाला फक्त मूळ कागदाचं प्रमाणित भाषांतर पाहिजे. तुम्ही तेवढं करा की."

"आधी काय लिहिलं होतं ते बघितल्याशिवाय मी पेन उचलत नाही. पटत नसेल तर दुसरी बाई शोधा. तांत्रिक फ्रेंचवाल्या पुण्यात रस्तोरस्ती पडल्यात का?"

त्याने तक्ता आणून दिला.

मागच्या महिन्यात चढावरची एक पाळणागाडी दोरावरून घसरत खाली आली आणि मागच्या गाडीवर आदळली. सासवडच्या कोकाटेबाई गेल्या. त्यांची सून अजून दवाखान्यात आहे. गाडीला दोरावर पकडून ठेवणारा जो चिमटा असतो, त्याचे बोल्ट सैल होते. ते आवळायचं काम रावजी खुटवडचं. कंपनीने पोलिसांना सांगितलं, माणसाने सूचना पाळल्या नाहीत. रावजी जामिनावर सुटून आला होता आणि मला यंत्र दाखवायला त्यालाच बोलावलं होतं. हेही परचुरेचंच डोकं.

यंत्र जुनं होतं. फ्रान्सच्या कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावरून स्वस्तात उचललेलं, आणि सोबत आलेले कागद फक्त फ्रेंच. चिमट्याचं पान काढलं आणि शेजारी तक्ता ठेवला. तक्त्यावर सुंदर, गोल अक्षरात लिहिलं होतं: 'चारही बोल्ट जोडीजोडीने आवळावेत (२४,५). घसरण्याच्या प्रयत्नावर नियंत्रण ठेवावे.'

अग आई गं!

फ्रेंचमध्ये तो शब्द 'कूप्ल'. लिहिलेला बघितला तर इंग्रजी 'कपल'च. पण यंत्राच्या कागदात त्याचा अर्थ जोडी नव्हे, टॉर्क. बोल्ट किती पिळायचा त्याचं माप. आणि फ्रेंच लोक दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. म्हणजे २४,५ हे आपले साडेचोवीस. पुढे एकक होतं, डेकान्यूटन-मीटर. ते कळलं नाही म्हणून लिहिणाऱ्याने सोडूनच दिलं होतं. दुसरं वाक्य तर पार उलटलेलं. मुळात म्हटलंय, चिमटा किती जोर लावल्यावर घसरतो ते तपासा. तिथे 'एफोर' म्हणजे प्रयत्न नाही, जोर. 'काँत्रोले' म्हणजे नियंत्रण नाही, तपासणी.

परचुरे फोनवर बोलत बाहेर गेला. मी रावजीला विचारलं, "रावजी, हे वाचून तुम्ही नेमकं काय करायचा?"

तो उठला आणि पेटीतून एक पाना काढून आणला. "हे बघा ताई, चोवीस नंबरचा पाना. बोल्टाला कसा चपखल बसतोय." खरंच बसला. "समोरासमोरचे दोन-दोन बोल्ट घ्यायचे. जोडीजोडीनं. आन् पाच हिसके."

"पाच हिसके?"

"चोवीस, पाच. लिवलंय न्हवं का? एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. दर म्हैन्याला चिमटं दोरावर पुढं सरकवताना समदं सोडून पुन्हा असंच आवळलंय."

मी डोकं धरून बसले. साधी चूक असती तर कुठेतरी अडखळली असती, कुणी तरी हटकलं असतं. ही चूक त्या बोल्टावर चोवीसच्या पान्यासारखी बसली होती.

"आणि टॉर्कचा पाना? दांड्यावर आकडे असलेला, लांब?"

"हाय की. यंत्रासंगं आलाय. कागदात त्याचं नाव न्हाई, म्हून कुनी हात लावला न्हाई." रावजीने तो काढला. पेटीवरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. मी एकक बदलून आकडा सांगितला, "दोनशे पंचेचाळीस न्यूटन-मीटर." त्याने कोपऱ्यातल्या सुट्या चिमट्याचे बोल्ट आधी आपल्या पद्धतीने, पाच हिसके देऊन आवळले. मग पाना दोनशे पंचेचाळीसवर लावून पुन्हा पिळायला घेतलं. बोल्ट फिरत राहिला. फिरतच राहिला. शेवटी पाना 'टक्' करून वाजला, तेव्हा रावजी खाली बसला.

"एवढं सैल व्हतं?" तो म्हणाला. "ताई, एवढं?"

"तुमची चूक नाही. हा तक्ता ज्या दीडशहाण्याने लिहिला ना, त्याला आधी उभा केला पाहिजे! कोणी लिहिलाय?"

"कंपनीनं दिला."

"कंपनीला अक्षर नसतं, रावजी. कोणी?"

त्याने हातातला पाना पेटीत ठेवला. मग म्हणाला, "माझ्या वृषालीनं."

पोरीने कॉलेजात वर्षभर फ्रेंचचा वर्ग केला होता. परचुरेला ते कळलं. 'अहो रावजी, घरात गंगा वाहतेय आणि आम्ही बाहेर पाणी शोधतोय!' असं म्हणून त्याने पानं घरी पाठवली. पेढ्यांच्या दोन पुड्यांवर काम झालं. तक्त्याच्या कोपऱ्यात 'मंजूर' लिहून खाली परचुरेची झोकात सही.

"तिला काई ठावं न्हाई," रावजी म्हणाला. "तिला वाटतंय, बाप आवळायचं इसारला. वाटू द्या. तुमी येवढंच म्हना, तक्ता बराबर व्हता. मी जाईन आत. तिचं लगीन हाय, नोकरी हाय..."

"मी 'कूप्ल'ला जोडी कशी म्हणू? माझ्या सहीने? उद्या गाड्या पुन्हा सुरू होतील, तेव्हा कोण बसणार त्यात? आणि कोर्ट मंजुरी देणाऱ्यालाही विचारेल की!"

"कोर्ट काय इचारंल ते मला नगा सांगू, ताई. साहेबाला वकील हाय. माझ्या पोरीला कोन हाय?"

मी पेन उचललं आणि भाषांतर लिहायला बसले. स्वल्पविराम ठेवला नाही, टिंबही नाही. आकड्याच्या जागी अक्षरांत लिहिलं, 'साडेचोवीस'.

तेवढ्यात वृषाली बापाचा डबा घेऊन आली. वीस-बावीसची, कपाळावर घाम. "नमस्कार मॅडम. तुम्ही फ्रेंचच्या ना?" तिचे डोळे क्षणभर चमकले. "मी पण थोडं केलंय." आणि टेबलावरचा माझा कागद तिने सहज ओढून घेतला. मला झाकता आला असता. माझा हात हललाच नाही.

ती वाचत गेली. एका जागी थांबली. तक्ता ओढून शेजारी ठेवला.

"इथे जोडी नाही?"

"नाही. टॉर्क."

"आणि हे... साडेचोवीस? चोवीस आणि पाच नाही?"

मी मान हलवली. ती बापाकडे वळली.

"न्हाई पोरी," रावजी घाईघाईने म्हणाला, "त्याचा काई संबंध न्हाई. तुझा कागद मी कवा वाचलाच न्हाई. माझ्या मनानंच आवळत व्हतो."

"आबा, तुम्ही तो पाठ केला होता. पाव्हण्यांना म्हणून दाखवायचात."

रावजीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वृषाली रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. तिने डबा बापापुढे ठेवला, झाकण उघडून दिलं, आणि मला विचारलं, "मॅडम, प्रमाणित भाषांतरावर भाषांतरकाराची सही कुठे करतात?"

"शेवटी. उजवीकडे," मी म्हणाले.

तिने माझं पेन घेतलं आणि जुन्या तक्त्याच्या शेवटी, उजवीकडे, त्याच गोल अक्षरात लिहिलं: वृषाली रावजी खुटवड.