सुनेत्राबाईंचे तास

शनिवार, अंबरनाथ, १९५३. शाळा सुटल्यावर शिक्षक नववीच्या वर्गात मुलांच्या बाकांवर बसले. मुख्याध्यापक दिनानाथ पाठारे उभे.

"सरकारी ग्रँट मागल्या वर्षीच्या मंजूर खर्चावर मिळते. अकरावी आपण यंदा काढली. म्हणजे तिचा खर्च आज आणि ग्रँट पुढल्या वर्षी."

"मग काढलीत कशाला?" जयदेव म्हात्रे. भूगोल शिकवतो, हळू बोलायची सवय नाही.

"कारखान्यातल्या लोकांनी मागितली म्हणून. मध्ये बोलू नका."

पुन्हा भाषण.

"पहिला पगार. तो वेळेवर होईल. दुसरी प्रयोगशाळा. ती नसेल तर इन्स्पेक्टर अकरावीच्या विज्ञानाला मान्यता देणार नाहीत. मग पैसे उरत नाहीत. वार्षिक वाढ थांबेल. बी.टी.साठी अर्ध्या पगाराची रजा यंदा कोणालाच नाही."

कोणालाच म्हणजे सुनेत्रा करंदीकर. इंग्रजी शिकवायची, शिक्षकी पदवीच्या कॉलेजात जागा मिळालेली. बी.टी. नसेल तर नोकरी कायम होत नाही, हे याच पाठाऱ्यांनी तिला सांगितलेलं.

ती उठली. "सर, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडतोय."

वर्ग पेटला.

"तुमची बी.टी. संस्थेच्याच पैशांवर झाली ना?"

"काचेच्या नळ्या माणसापेक्षा मोठ्या!"

"शेम!" हे गुरुदत्त रेगे. संस्कृतचे. रिटायर व्हायला आलेले, आज पहिल्यांदा इंग्रजीत.

पाठारे थांबले. घाम पुसला नाही, पाणी प्यायले नाहीत. ओरडू दिलं.

मग:

"अर्धा पगार मी देऊ शकतो. बदली शिक्षकाचा पगार देऊ शकत नाही. बाईंचे आठवड्याचे सव्वीस तास तुम्ही वाटून घ्या. जादा पैसे नाहीत. बाई उद्या मोकळ्या. हात वर करा."

एकही हात वर आला नाही.

"म्हात्रे?"

"माझ्या संध्याकाळच्या शिकवण्या आहेत, सर. आधीच..."

"रेगे?"

"माझं वय बघा, दिनानाथ. आणि इंग्रजी मी कुठं शिकवतो?"

"आता तर बोललात."

कोणीतरी हसलं.

वेणूबाई शिवण शिकवायच्या. त्यांनी अर्धा हात उचलला. "मी दोन तास घेईन बाई. पाचवीचे."

"चोवीस राहिले," पाठारे म्हणाले. वाट पाहिली. वेणूबाईंनी आजूबाजूला पाहिलं, हात खाली गेला.

सुनेत्रा अजून उभीच. मघाशी तिच्यासाठी बाकं बडवणाऱ्यांकडे ती एकेक करून बघत गेली. जयदेवने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"सुनेत्राबाई," पाठारे म्हणाले, "मला वाटलं नव्हतं की कोणीच..."

"तुम्हाला बरोबर हेच वाटलं होतं, सर. म्हणून तर विचारलंत."

पाठाऱ्यांनी मान खाली घातली.

"बिनपगारी गेले तर माझी इथली जागा राखाल?"

"नाही. जूनमध्ये भरावी लागेल."

"भरा."

तिने छत्री उचलली आणि कोणाच्याही बाकाला न टेकता मधल्या वाटेने बाहेर गेली. रेगे म्हणाले, "पोरगी उद्धट आहे हो," आणि या वेळी वर्गात कोणी विरोध केला नाही.