पिंपळगावपर्यंत आणि परत

आमच्या समाधानरावांचा जाहिरातीच्या आकड्यावर भारी विश्वास. 'एका चार्जमध्ये १४१ किलोमीटर' हे मुंबई नाक्याजवळच्या शोरूमबाहेर लिहिलेलं वाचून नवरोबा आत शिरले, ते थेट गाडीवरच जाऊन बसले.

मला १४१ नको होते. मला छप्पन्न हवे होते. आडगाव नाक्यावरच्या आमच्या घरापासून पिंपळगाव बसवंतचं आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस अठ्ठावीस किलोमीटर, आणि परत तेवढंच. अकरा वर्षं द्राक्षं निवडल्यावर यंदा मला सुपरवायझर केलं होतं. नेमकी तेव्हाच पॅकहाऊसच्या कंपनीने येत्या एक तारखेपासून कामगारांची बस बंद केली. हंगामात सातच्या ठोक्याला फाटकात नसलं, तर माझ्या जागेवर दुसरी उभी राहणार होती.

"हायवेला, पन्नासच्या स्पीडने, मागे मैत्रीण बसवून किती जाईल?" मी विचारलं.

साई नावाचा विक्रेता हसला. "ताई, १४१ हे टेस्टिंगचे. तुमच्या वापरात ऐंशी धरा."

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ते असे.

"आणि चार्जर?"

"घरी भिंतीवर बसवून देतो. बाहेर आमचे फास्ट चार्जर आहेत, नाशिकमध्ये तीन."

"पिंपळगावात?"

"अजून नाही. दुसऱ्या कंपनीचा आपल्या गाडीला लागत नाही."

"बिघडली तर?"

"अंबडला सर्व्हिस सेंटर आहे ना."

म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. समाधान मला कोपराने ढोसत होता. "किती प्रश्न विचारशील? केंद्राची सबसिडी मार्चअखेर संपते. घेऊन टाकू." त्याने आधार कार्ड काढून दिलंसुद्धा. सबसिडी बिलातूनच वजा होते, पण त्यासाठी ज्याच्या नावावर गाडी त्याचं आधार लागतं, आणि मोबाईलसमोर चेहरा दाखवावा लागतो. गाडी त्याच्या नावावर होणार हे त्याने गृहीतच धरलं होतं.

साईने नंबर टाकला, थांबला, पुन्हा टाकला. "साहेब, तुमच्या आधारवर एका स्कूटरची सबसिडी घेतलेली दिसतेय. एका आधारवर एकच मिळते."

समाधान खाली बघायला लागला.

"कोणती स्कूटर?" मी विचारलं.

"मयूरची," तो पुटपुटला. मयूर म्हणजे माझा धाकटा दीर. "त्याचा मोबाईल आधारला जोडेल नव्हता. म्हणून माझ्या नावावर घेतली."

मला रडूच आलं. गाडी मयूरला मिळाली याचं नव्हे. गेल्या वर्षी मयूरची गाडी आली, त्याच महिन्यात मी स्कूटर मागितली होती, तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "इलेक्ट्रिकचा काय भरोसा? बस हाय ना तुला."

डोळे पुसले आणि मला भलतंच सुचलं. "मयूर तर हल्ली सिटी बसने जातो. ती गाडी कुठंय?"

"सर्व्हिसिंगला."

"अंबडला? याच कंपनीची?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"बावीस. पार्ट येईना."

शोरूममधली दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे वळून बघायला लागली. साईने घाईघाईने मोबाईलचा कॅमेरा माझ्याकडे धरला. "वहिनींच्या आधारवर करू ना!"

"चेहरा माझा लागणार असेल, तर गाडीही मीच बघेन," म्हणून मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाला घेऊन दुसऱ्या दुकानात गेले. सुवर्णा माझ्यासोबत पॅकहाऊसात असते, माझ्या मागे बसून येणारी तीच. तिथली गाडी साधी, कंपनी सांगते १०८. पण चार्जर डिकीत मावतो आणि मोठ्या तीन पिनच्या कुठल्याही सॉकेटला लागतो. त्यांचा मेकॅनिक तर पिंपळगावातच बसतो. ट्रायल म्हणून मी गल्लीत चक्कर मारली नाही. त्यांचा माणूस मोटारसायकलवर सोबत घेऊन आम्ही दोघी थेट पॅकहाऊसपर्यंत गेलो. निघताना बॅटरी शंभर टक्के, पोचताना एकसष्ट. वॉचमन भिकाभाऊंनी केबिनमागचा सॉकेट दाखवला आणि मॅनेजरने मान डोलावली. परत आले तेव्हा बावीस उरले होते. न चार्ज करताही जाऊन येणं होत होतं, आणि पुढे बॅटरी जुनी झाली तर सॉकेट होताच. मी चेहरा दाखवला. गाडी माझ्या, म्हणजे दीपमालाच्या, नावावर झाली. जन्मात पहिल्यांदा कशावर तरी माझं नाव लागलं, म्हणून मी त्या बिलाचा फोटो आईला पाठवला.

एक तारखेला सात वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही फाटकात होतो. त्या दिवशी मुद्दामच चार्जिंग केलं नाही. संध्याकाळी घरी उतरले तेव्हा एकवीस टक्के होते.

समाधान ओट्यावर वाट बघत होता. "चावी दे ना. अंबडला जाऊन येतो. मयूरच्या गाडीचा पार्ट आलाय म्हणे."

"एकवीसमध्ये अंबडला जाऊन येणं होत नाही." मी चार्जर लावला आणि चावी पर्समध्ये टाकली. "बस हाय ना तुला."

तो चपला घालून बसथांब्याकडे निघाला.