ओळखत होतो, माहीत नव्हतं

रिसोडच्या बाजारपेठेत सादिकच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं. मुलानं गादीवर बसून वार मोजावेत एवढीच त्यांची इच्छा होती. पण सादिकला भाषांचा नाद. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी. तिन्हींत त्याची जीभ सारखीच चालायची. वाशीमला मॅट्रिक होऊन तो पलटणीत कारकून झाला, आणि लढाई पेटल्यावर इटलीचे कैदी जहाजांतून हिंदुस्थानात येऊ लागले तेव्हा साहेबांनी त्याला तीन महिन्यांच्या इटालियन वर्गाला बसवलं. तिथून बाहेर पडला तो दुभाष्या होऊनच. बेचाळीस साली त्याची नेमणूक मध्य हिंदुस्थानातल्या एका कैदी छावणीत झाली.

काम तसं सोपं. छावणीचे मुख्य मेजर हॉलंड इंग्रजीत हुकूम लिहायचे आणि सादिक तो इटालियनमध्ये उतरवून फळ्यावर लावायचा. पाणी अमुक वेळी, हजेरी तमुक वेळी. कैद्यांत बेनासी नावाचे एक म्हातारे शाळामास्तर होते. ते रोज फळ्यापुढे उभे राहून वाचत आणि चूक दिसली की बोटानं दाखवत.

एकदा सादिकनं लिहिलं होतं, पहारेकऱ्यांनी कुंपणाजवळ कैद्याला 'न्याहाळलं' तर गोळी घालतील. बेनासी हसले.

"बेटा, इथं तू ग्वार्दारे लिहिलंस. ते मुद्दाम नजर लावून बघणं. नजरेस पडणं म्हणजे वेदेरे. इंग्रजांनी 'सी' लिहिलंय ना? मग वेदेरे."

सादिकनं खडूनं दुरुस्ती केली, पण मनातून त्याला ते झोंबलं. वर्गात तो पहिला आलेला. त्याच्याजवळ व्याकरणाचं पुस्तक होतं आणि त्यातले नियम त्याला तोंडपाठ होते. इंग्रजीतल्या, जाणणे या अर्थाच्या, एका 'नो'ला इटालियनमध्ये दोन शब्द आहेत, सापेरे आणि कोनोशेरे. त्याचा नियम त्यानं वहीत लाल शाईनं लिहून ठेवला होता : 'नो'च्या पुढं सबंध वाक्य आलं तर सापेरे, माणूस किंवा वस्तू आली तर कोनोशेरे. नियम चांगला होता. फक्त अर्धवट होता.

सप्टेंबरात रुजेरो नावाचा एक तरणा कैदी पळाला. तारेखालच्या नालीतून गेला, आणि सकाळच्या हजेरीला एक माणूस कमी भरला. त्याच्या शेजारच्या खाटेवर नीनो झोपायचा. डोंगराकडच्या एकाच गावचे दोघं, दोघंही मेंढ्या राखणारे. नीनोला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि स्वतःच्या भाषेतही नाव लिहिण्यापुरतीच मजल.

मेजरसाहेबांनी नीनोला समोर उभं केलं. सादिक बाजूला वही घेऊन.

साहेब इंग्रजीत म्हणाले, "रुजेरो तुझ्या शेजारी झोपत होता. तो महिनाभर पळायची तयारी करत होता." सादिकनं ते नीट सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, "डिड यू नो इट?"

'इट'. म्हणजे वस्तू. सादिकच्या डोळ्यांपुढं लाल शाई आली.

"लो कोनोशेवा?" त्यानं नीनोला विचारलं.

आता या 'लो'ची गंमत अशी की त्याचा अर्थ 'ते' असाही होतो आणि 'त्याला' असाही. 'सापेवा' म्हटलं असतं तर नीनोला कळलं असतं, पळण्याचं तुला माहीत होतं का, असं विचारतायत. 'कोनोशेवा' म्हटल्यावर त्या मेंढपाळानं ऐकलं ते एवढंच : त्याला ओळखत होतास का?

नीनोचा चेहरा उजळला. "हो साहेब. चांगला ओळखत होतो."

सादिकनं साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि वहीत उतरवलं : होय साहेब, मला ते चांगलं माहीत होतं.

मेजरसाहेबांनी मान वर केली. "मग बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही," नीनो भोळेपणानं म्हणाला. सादिकनं तेही जसंच्या तसं सांगितलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांना ती उर्मटपणाची हद्द वाटली. पळायला मदत केल्याबद्दल अठ्ठावीस दिवस एकट्याची कोठडी, भेटीगाठी बंद. जबाबाच्या कागदावर दाखवलेल्या जागी नीनोनं नाव लिहिलं. शिपायांनी दंड धरला तेव्हा तो सादिककडे वळून काहीतरी विचारत होता, पण सादिकनं वही मिटली होती.

चौथ्या दिवशी रुजेरो सापडला. रेल्वेच्या मोरीखाली तापानं फणफणत पडला होता. त्याला छावणीच्या दवाखान्यात ठेवलं. तिथं पहाऱ्याला चंपत होता, रिठदचा. रिसोड–रिठद म्हणजे एकाच भागातली गावं. परमुलखात दोघांनी एकमेकांना भाऊच मानलं होतं. चहाच्या वेळी चंपत आला.

"सादिकभाऊ, त्या पोराचं काही खरं नाई. दिवसभर नीनो, नीनो करून राह्यला. कोन हाये हा नीनो?"

"त्याच्या गावचा हाये. कोठडीत हाये."

"मंग आना ना त्याले दोन घडी. काहून नाई आनत?"

"साहेबाचा हुकूम हाये, चंपत. मी काय करू?"

त्याच दुपारी बेनासी मास्तरांनी एक कागद आणून दिला. नीनोनं कोठडीच्या खिडकीतून सांगितलेला आणि मास्तरांनी लिहून घेतलेला अर्ज. साहेबांपुढं ठेवायला त्याचं इंग्रजी करायचं होतं. सादिकनं टाक बुडवला आणि वाचू लागला.

'मला विचारलं, त्याला ओळखत होतो का. ओळखत होतो. पण तो पळणार हे मला माहीत नव्हतं. तो आजारी आहे म्हणतात. मला त्याच्याजवळ बसू द्या.'

टाकाचं टोक कागदावर टेकून राहिलं आणि शाईचा मोठा ठिपका पसरला.

ओळखणं आणि माहीत असणं. त्याला येणाऱ्या भाषांत एकट्या इंग्रजीलाच एका शब्दात भागवावं लागतं. त्याची आई उर्दूत 'पहचान' आणि 'मालूम' यांत कधी घोटाळा करत नव्हती. दुकानातलं अडाणी गिऱ्हाईक 'मी त्याले ओयखतो' म्हणायचं आणि 'मले माहीत हाये' म्हणायचं, आणि कुणाला कुठला नियम पाठ करावा लागत नव्हता. साहेबांचं इंग्रजी त्यानं मनात नुसतं मराठीत म्हणून पाहिलं असतं तरी तोंडातून 'सापेवा'च निघालं असतं. पण इटालियन बोलताना तो लाल शाईच्या वहीतून बोलत होता.

त्यानं अर्ज इंग्रजीत केला असता तर पहिल्याच ओळीला साहेबांनी विचारलं असतं, हा म्हणतो ओळखत होतो. तू तर मला वेगळंच सांगितलंस. आणि तीन दिवसांनी, शुक्रवारी, दुभाष्यांची परीक्षा घ्यायला वरून साहेब लोक येणार होते. पास झाला तर जमादाराच्या हुद्द्यावर बढती. वडलांना तसं पत्रही जाऊन पोचलं होतं.

सादिकनं अर्ज इतर कागदांच्या खाली सारला. मनाशी म्हणाला, शुक्रवार होऊ दे. तीन दिवसांनी काय बिघडतंय?

बेनासींनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "साहेब कामात आहेत." दुसऱ्या वेळी मास्तरांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि ते निघून गेले.

गुरुवारी भर दुपारी चंपत कचेरीच्या दारात आला. त्यानं पगडी काढून हातात धरली होती.

"गेला तो," तो म्हणाला.

सादिक उठला. कागदांखालचा अर्ज काढला आणि तसाच साहेबांच्या खोलीत गेला. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कुठला शब्द हवा होता, कुठला वापरला, आणि अर्ज किती दिवस दाबून ठेवला. मेजरसाहेबांनी ऐकून घेतलं.  मग नीनोला सोडायचा हुकूम लिहून त्यांनी कागद पुढं सरकवला.

"पहिली चूक कुणाचीही होते," ते म्हणाले. "दुसरीबद्दल मी काही लिहिणार नाही. ती तुझी तू सांभाळ."

शिक्षा झाली असती तर बरं, असं सादिकला त्या क्षणी वाटलं.

कोठडीचं दार त्यानं स्वतः उघडायला लावलं. नीनो उजेडात डोळे बारीक करून उभा होता. दाढी वाढलेली. सादिकनं वाटेत चार वाक्यं जुळवली होती. एकच तोंडातून निघालं : "चूक माझी होती. मी चुकीचा शब्द वापरला."

"लो सो," नीनो म्हणाला.

मला माहीत आहे. बेनासींनी त्याला खिडकीतून केव्हाच समजावलं होतं. रुजेरो गेल्याची बातमीही त्यांच्याकडूनच पोचली होती. आवाजात राग नव्हता. रागाला लागतं तेवढं बळही त्याच्यात दिसत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "त्याच्याजवळ कोण होतं?"

सादिक त्याला दवाखान्याच्या पडवीत घेऊन गेला. चंपत पायरीवर बसला होता. नीनोला पाहून तो उठला आणि त्याला जागा करून दिली.

"याले सांग चंपत, काय झालं ते. मी याच्या भाषेत सांगतो याले," सादिक म्हणाला.

"काय सांगू भाऊ? मी पानी पाजलं चमच्यानं. कपाळावर ओला फडका ठेवला. त्यानं माहा हात धरला, सोडेच ना. मी बी बसलो. माही ड्युटी संपली होती, पन बसलो."

सादिक सांगत गेला. शब्द आपोआप येत होते, मधे कुठली वही नव्हती.

"आखरीले तो दरवाजाकडं पाहून राह्यला होता," चंपत म्हणाला. "डोये उघडे होते. पन त्याले काही दिसत नव्हतं, मले समजलं ते."

"ग्वार्दावा ला पोर्ता," सादिक म्हणाला. दाराकडे बघत होता. मग त्यानं नीनोकडे पाहून पुढचं सांगितलं. "मा नोन वेदेवा." पण दिसत नव्हतं त्याला.

नीनोनं चंपतचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. चंपत गोंधळून सादिककडे पाहू लागला. त्याचा काही उलगडा करून सांगायची गरज नव्हती, आणि सादिकनं केलाही नाही.

शुक्रवारी परीक्षा झाली. सादिक पास झाला. परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला, सापेरे आणि कोनोशेरे यांतला फरक सांग. त्यानं उदाहरणासह सांगितला. उदाहरण कुठून आणलं ते त्यांनी विचारलं नाही.

कैदी शेहेचाळीस साली मायदेशी गेले. निघायच्या दिवशी बेनासींनी सादिकला मिठी मारली. नीनो रांगेत पुढं होता. त्यानं मागं वळून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. सादिकनं हात वर करेपर्यंत ट्रक हलला होता.

तो रिसोडला परतला आणि वडलांच्या गादीवर बसला. अकोल्याहून कुणी कुणी दुभाष्याचं काम घेऊन यायचे; तो हात जोडून नाही म्हणायचा. तो गिऱ्हाइकापुढं कापडाचं ठाण उलगडत असला की आई कौतुकानं सांगायची, "हमारे सादिक को इटली की जबान आती है." बायका विचारायच्या, बोलून दाखव की रे. तो हसून वार मोजायला लागायचा, आणि मोजताना आकडा चुकायचा.