कमळाकरचा चेहरा

"ह्यो गोरा कोन हाय? माज्या कमळाकरचं शर्ट घालून कोन उभा ऱ्हायलाय ह्यो?"

भीमाबाईमावशीनं फोटो स्टुडिओच्या काउंटरवर आपटला. झकेरियामास्तरांनी चष्मा वर केला.

"भीमाबाई, पोरगा तुमचाच आहे. चेहरा शिडाच्या सावलीत होता, काही दिसत नव्हतं. मी जरा उजळवला."

"जरा? नवरदेव केलात त्याला!"

"मास्तर, मी तेव्हाच बोललो होतो," मी म्हटलं.

"तू गप रे. शाळेत गप बसला असतास तर आज मॅट्रिक झाला असतास."

माझं डोकं सटकलं. पण मावशीचा भाऊ दयाराममामा बाकड्यावर डोकं धरून बसला होता. त्याच्याकडे बघून मी जीभ आवरली.

मामा दुपारीच मुंबईहून आला होता. कमळाकर माझा मावसभाऊ. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी करंजा बंदरातून जो गेला तो गेलाच. भाऊच्या धक्क्यावर कोणीतरी सांगितलं, असा एक पोरगा मलबारच्या गलबतावर चढला होता. ते गलबत आता परत धक्क्याला लागलंय. मामा हा फोटो घेऊन त्याच्या तांडेलाकडे, म्हणजे गलबताच्या कप्तानाकडे गेला. तांडेलाला मराठी येत नाही, मामाला त्याची बोली येत नाही. त्यानं फोटो बघितला, नकाराची मान हलवली. पण त्यांच्या भंडाऱ्यानं, गलबतावरच्या आचाऱ्यानं, स्वतःची भुवई बोटानं चिरल्यासारखी दाखवली, मग फोटोतल्या गालावर बोट ठेवलं आणि नाही नाही केलं.

कमळाकरच्या डाव्या भुवईत वण आहे. लहानपणी गळ लागला होता.

"म्हंजी त्यांनी बगितलाय त्याला," मामा म्हणाला. "कुठल्यातरी बंदरात उतरवलाय. कुठल्या, ते इचारायला त्याचं खरं तोंड दाखवाया पायजे ना! आन सकाळच्या भरतीला गलबत सुटनार."

मास्तरांनी निगेटिव्ह काढून खिडकीशी धरली. मीही वाकलो. आभाळ एकदम जाड काळं आणि कमळाकरचा चेहरा जवळजवळ काच. त्या काचेवर मास्तरांनी ब्रशनं लाल रंग बसवलेला. निगेटिव्हवर रंग बसला की तिथून उजेड कमी जातो, फोटोत ती जागा पांढरी पडते. पनवेलच्या सगळ्या नवऱ्या ते अशाच गोऱ्या करतात. लोकच सांगतात, मास्तर, जरा उजळ काढा. हात सवयीनं चालला.

"मास्तर, तुम्ही भुवईवरून ब्रश फिरवलाय. वण पण गेला."

"दिसतंय मला."

"मग पाऱ्याच्या औषधात घालू. निगेटिव्ह जाड होईल." मी बाटलीला हात घातलासुद्धा.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. "अकलेच्या कांद्या! चेहरा उठतो चांदीच्या कणांनी. जिथं चांदीच नाही तिथं जाड काय होणार? आभाळ आणखी जाड होईल, आणि चेहऱ्यावर वाळू उठेल. त्या वाळूत वण शोधत बस मग. ठेव ती बाटली."

ठेवली. राग आला, पण ठेवली.

रंग धुवायचा ठरला. निगेटिव्ह एकच. ऑक्टोबरचा उकाडा, नळाचं पाणी कोमट. त्यात फिल्मवरचा थर सुटला तर कमळाकर पाण्यात विरघळणार. मी माठातलं पाणी ओतलं. मास्तरांनी थेंबभर अमोनिया टाकला आणि फिल्म कडेनं धरून हळूहळू हलवायला लागले. पाणी गुलाबी झालं. मावशी दारातून बघत होती.

"त्याचं रगत हाय काय ते?"

"नाही गं मावशी, पावडर उतरतेय त्याची."

ती हसली नाही.

फिल्म पंख्यासमोर वाळायला टांगली. तेवढ्यात मास्तरांची बायको सोफीकाकू मागच्या दारात आली. डोक्यावर पदर. शुक्रवार होता. मास्तर ज्यू. दिवस बुडायच्या आत यांच्याकडे शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीच्या वाराचा, दिवा लागतो, मग मास्तर कामाला हात लावत नाहीत. विजेचं बटणसुद्धा दाबत नाहीत. एरवी याच वेळेला दुकानाला कुलूप असतं.

मास्तरांनी बाहेर बघितलं. ऊन पलीकडच्या कौलांवर गेलं होतं.

"ऐक," ते भराभर बोलायला लागले. "कागद नेहमीपेक्षा एक नंबर कडक घे, उठाव येईल, पण त्याहून जास्त नको. फोटो पोस्टकार्डाएवढाच कर, मोठा केलास की दाणा फुटेल. चेहऱ्यावर टिकली धर, पण हलती ठेव. थांबलास तर तोंडाभोवती पांढरं कडं येईल. आभाळाला मागाहून पुठ्ठ्याच्या भोकातून जास्तीचा उजेड दे." मग त्यांनी हात धुतले. "आता मी काही सांगणार नाही. कुलूप तू लाव."

"मास्तर, किती वेळ टिकली धरू?"

ते गेले. मागचं दार लागलं. एखाद्याला कानफटात मारावी असं वाटलं, पण कुणाला?

फिल्म वाळल्यावर डार्करूममध्ये लाल दिवा आणि मी. टिकली म्हणजे तारेच्या टोकाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल. एन्लार्जरचा उजेड कागदावर पडतो, त्यात टिकलीची सावली धरली की तेवढा भाग काळा पडायचा थांबतो. पहिला कागद डेव्हलपरमध्ये टाकला. कमळाकर वर आला. डोळे आले, वण आला. केस, नाकपुड्या, कान, सगळं राखाडी. जणू चुलीतून काढलाय.

टिकली जास्त झाली होती. पुन्हा तेच, फक्त गोरा नाही, राखेचा.

बाहेरून मामा ओरडला, "शेवटची यष्टी लागंल रं!"

"लागू दे!" मी पण ओरडलो.

कागद तिथंच टाकून बाहेर आलो. मावशी दाराच्या आडोशाला उभी होती, बाहेरचा उजेड मागे. तिचा रंग कमळाकरचाच. मी तिच्याकडे बघत राहिलो. गालाच्या हाडावर चकाकी, नाकाच्या शेंड्यावर थोडी. डोळ्यांखाली काळंच. केसांत तर काहीच दिसत नव्हतं, आणि दिसायची गरज पण नव्हती.

"काय बगतोस?"

"हलू नको मावशी."

आत गेलो. टिकली छोटी कापली. या वेळी कपाळापासून ओठापर्यंतच फिरवली, केस सोडले, कान सोडले, हनुवटीखालचा काळोख राहू दिला. वेळ पण पहिल्यापेक्षा कमी. मग हातांत भोकाचा पुठ्ठा धरून आभाळाला उजेड दिला. पुठ्ठा पण हलता ठेवला.

कागद औषधात सरकवला. आधी शीड आलं. मग डोकं. मग बराच वेळ काळा डाग. मी ट्रे हलवत राहिलो. मग गालाचं हाड आलं, भुवई आली, तिच्यात ती फट. कमळाकर काळाच होता आणि पूर्ण दिसत होता. वाळल्यावर फोटो आणखी गडद होतो, म्हणून मनाला हवा होता त्याहून एक केसभर उजळ ठेवला होता. चित्र पक्कं करायच्या हायपोत टाकला, धुतला, बाहेर आणला.

मावशीनं ओला कागद दोन्ही हातांवर घेतला. पुनवेच्या दिवशी फोटो मीच काढला होता, पण तेव्हा शिडाखाली त्याचं तोंड कोणालाच नीट दिसलं नव्हतं.

"ह्यो रागावलाय," ती म्हणाली.

मामा वाकला. "व्हय. व्हट बग कसं दाबलंत."

"पुनवेच्या सकाळी मी बोलले व्हते त्याला. निकम्मा बोलले. मला वाटलं इसरला." तिनं पदरानं स्वतःचं नाक पुसलं, फोटोवर थेंब पडू दिला नाही. "तू जा दयारामाबरोबर. तांडेलाला दाखव. आन भेटला तर त्याला बोल..."

तिनं फोटो माझ्या हातात दिला.

फोटो टिपकागदात घातलाय, शर्टाच्या आत. मास्तरांच्या घरात दिवा लागलाय. दुकानाला कुलूप लावलं. यष्टी हॉर्न मारतेय, मामा पायरीवर एक पाय ठेवून मला शिव्या घालतोय. मावशी अजून शब्द शोधतेय, आणि मला आता निघायला पाहिजे.